दहाव्या तासाचे दूध

पाश्चरायझरमधून पहाटे पाचला निघालेले दूध आणि त्याच यंत्रातून, त्याच तापमानाला दुपारी तीनला निघालेले दूध यांत फरक पडायचे वरवर पाहता काही कारण नाही. कच्चे दूध त्याच सायलोतले, तापमानाचा आलेख सरळ रेषेत, फॉस्फेटेज चाचणी दोन्ही वेळा निर्दोष. तरीही दुपारच्या दुधात जिवाणू शंभरपट जास्त निघतात, आणि दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या पातेल्यात नेमके तेच दूध फाटते. अशा वेळी प्लांटमध्ये पहिला संशय कच्च्या दुधावर जातो, दुसरा शीतगृहावर, तिसरा दुकानदाराच्या फ्रिजवर. खरे उत्तर बहुधा यंत्राच्या पोटात, स्टीलच्या प्लेटांवर असते.

नेदरलँड्समधल्या एडे या गावी नायझो नावाची दुग्धसंशोधन संस्था आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या सुरुवातीला तिथल्या ड्रीसेन, बाउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीजचे दूध तापवणाऱ्या पाश्चरायझरचा पिच्छा पुरवला. चीज कारखान्यांनी यंत्रे जास्त तास सलग चालवायला सुरुवात केली होती आणि काही चीजचा पोत व चव बिघडत होती. संशोधकांनी यंत्रातून बाहेर पडणाऱ्या दुधातले जिवाणू तासातासाने मोजले. पहिले काही तास आकडा जवळपास स्थिर राहिला, मग चढू लागला आणि लांबलेल्या पाळीच्या शेवटी कितीतरी पटींनी वर गेला. वाढणारा जिवाणू होता स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. योगर्टच्या विरजणात मुद्दाम घालतात तोच हा जीव. माणसाला तो आजारी पाडत नाही, पण ७२ अंशांच्या पाश्चरायझेशनमधून त्याच्यातले बरेच जण जिवंत सुटतात आणि सुटल्यावर त्यांना राहायला जागा मिळते.

ती जागा कोणती, हे समजायला पाश्चरायझरची रचना पाहावी लागते. पातळ, नालीदार स्टीलच्या शे-दीडशे प्लेटा एकमेकींना चिकटून आवळलेल्या असतात आणि दोन प्लेटांच्या फटीतून दूध वाहते. एका फटीत ४ अंशांचे थंड कच्चे दूध, तर शेजारच्या फटीत नुकतेच तापवलेले गरम दूध. गरम दुधाची उष्णता प्लेटेतून थंड दुधाला मिळते आणि इंधन वाचते. या भागाला रीजनरेशन म्हणतात. तो ९० टक्के उष्णता परत मिळवत असेल, तर कच्चे दूध तिथेच ६५ अंशांपर्यंत पोहोचते. उरलेले सात अंश गरम पाण्याने चढवायचे, होल्डिंग ट्यूबमध्ये १५ सेकंद ७२ अंशांवर दूध ठेवायचे आणि परत रीजनरेशनमध्ये सोडायचे. तिथे ते ७२ वरून ११ अंशांच्या आसपास उतरते आणि शेवटी बर्फाच्या पाण्याने ४ अंशांवर येते.

म्हणजे तापून शुद्ध झालेले दूध परतीच्या वाटेवर ५० ते ३५ अंशांच्या पट्ट्यातून जातेच जाते. थर्मोफिलसला वाढायला याहून चांगले हवामान नाही. पण दूध तिथे थांबत नाही. साऱ्या प्लेटांमधून जायला त्याला फार तर दोन मिनिटे लागतात आणि कोमट पट्ट्यात तर काही सेकंदच. हा जिवाणू अगदी सुखात असला तरी एकाचे दोन व्हायला वीस-पंचवीस मिनिटे घेतो. दोन मिनिटांत शंभराचे एकशे सात होतील, त्यापेक्षा जास्त नाही. बाहेर पडणाऱ्या दुधात आकडा शंभरपट झाला असेल, तर ती वाढ वाहत्या दुधातली असूच शकत नाही. वाढणारे जिवाणू एका जागी बसलेले असले पाहिजेत. दूध त्यांच्यावरून वाहते, त्यांना अन्न देते आणि त्यांची जास्तीची पिल्लावळ सोबत घेऊन जाते. नायझोचा सारा शोध या साध्या हिशेबावर उभा आहे.

बसलेल्या जिवाणूंची ही वसाहत म्हणजे बायोफिल्म. ती घडते कशी? दूध प्लेटेला लागताच काही क्षणांत प्रथिनांचा अतिसूक्ष्म थर स्टीलवर बसतो. त्यावर एखादा जिवाणू टेकतो. सुरुवातीला ही पकड सैल असते आणि साध्या पाण्यानेही तो निघू शकतो. पण काही काळात तो स्वतःभोवती शर्करा आणि प्रथिनांचा चिकट लगदा स्रवतो आणि त्या लगद्यानेच पृष्ठभागाला घट्ट धरतो. मग तिथेच वंश वाढवतो. दातांवर सकाळी जिभेला लागणारा खरखरीत थर हीसुद्धा बायोफिल्मच. फरक इतकाच की दात घासायला ब्रश असतो. बंद पाश्चरायझरमध्ये ब्रश घालता येत नाही.

दुधाची उष्णतेमुळे होणारी साठवण या वसाहतीच्या मदतीला येते. ७० अंशांच्या आसपास दुधातले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उलगडते आणि गरम पृष्ठभागावर चिकटू लागते. त्याच वेळी कॅल्शियम फॉस्फेट दुधातून बाहेर पडून त्या थरात अडकते. घरी दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी लागणारी खरवड याच जातीची. नुसत्या स्टीलपेक्षा या खडबडीत थरावर जिवाणूंना बसायला आणि लपायला जास्त सोपे जाते.

बायोफिल्म दिसत नाही, पण आकड्यांमध्ये तिची चाल दिसते. ती कशी वाचायची हे एका नमुन्याच्या प्लांटवरून पाहू. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. ताशी १०,००० लिटरचा पाश्चरायझर पहाटे पाचला सुरू होतो आणि दुपारी चारला बंद होतो. दुपारी भरलेल्या पिशव्यांबद्दल तक्रारी आहेत. लॅबने एकच नमुना, तोही सकाळचा, घ्यायची सवय मोडून तीन ठिकाणांहून दर दोन तासांनी नमुने घ्यायचे ठरवले: होल्डिंग ट्यूबनंतर, चिलरनंतर आणि पिशवी भरणाऱ्या यंत्रावर.

होल्डिंग ट्यूबनंतरचा आकडा दिवसभर मिलिलिटरला दोन हजारांच्या आसपास राहिला. चिलरनंतरचा आकडा पहाटे दोन हजार, सकाळी नऊला अडीच हजार, दुपारी एकला चाळीस हजार आणि तीनला दोन लाखांवर. पिशवीतल्या दुधासाठी प्रयोगशाळा मिलिलिटरला ३०,००० ही मर्यादा धरतात, म्हणजे एकच्या सुमारास ती ओलांडली गेली. होल्डिंग ट्यूब आणि चिलर यांच्यामध्ये रीजनरेशन सोडून दुसरे काही नाही. सुरुवात कमी आणि नंतर वाढत जाणारी रेषा, तीही ठरावीक एका टप्प्यानंतर. चालू पाळीतच प्लेटांवर वसाहत वाढते आहे, याची ही खूण.

रेषेचा आकार वेगळा असता तर निदानही वेगळे झाले असते. समजा भरणाऱ्या यंत्रावर पहाटेच्या पहिल्या पिशव्यांत आकडा मोठा निघाला आणि दोन तासांत खाली आला, तर बिघाड रात्रीचा आहे. धुलाई नीट झाली नाही, ओल्या नळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये जिवाणू रात्रभर वाढले आणि पहाटेच्या पहिल्या दुधाने त्यांना धुऊन पिशवीत भरले. आणि आकडा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सारखाच मोठा असेल, वर कोलिफॉर्मही सापडत असतील, तर प्लेटेला सूक्ष्म छिद्र पडून कच्चे दूध शुद्ध दुधात झिरपत असण्याचा संशय घ्यावा लागतो. असे होऊ नये म्हणूनच रीजनरेशनमध्ये शुद्ध दुधाचा दाब कच्च्या दुधापेक्षा जास्त ठेवतात. छिद्र पडले तरी गळती शुद्धाकडून कच्च्याकडे जावी. तीन आकार, तीन वेगळे दुरुस्तीचे मार्ग. दिवसाला एकच नमुना घेणाऱ्या लॅबला यातला एकही आकार दिसू शकत नाही.

लॅबच्या बाजूने आणखी एक चूक सहज होते. साध्या जिवाणू मोजणीच्या थाळ्या बहुधा ३० किंवा ३७ अंशांवर उबवतात. थर्मोफिलसला ४० ते ४५ अंश हवे असतात. ३० अंशांवर तो नीट वाढतच नाही, आणि ३७ वर उगवलाच तर टाचणीच्या टोकाएवढी टिंबे, जी मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. त्यामुळे अहवाल चांगला आणि दूध वाईट, असा पेच पडतो. संशय असेल तेव्हा नमुन्याची एक थाळी ४५ अंशांवर ठेवलीच पाहिजे. भुकटीच्या कारखान्यात याहून पुढे जावे लागते. तिथल्या इव्हॅपोरेटरमध्ये दूध ४५ ते ६५ अंशांवर बराच काळ असते आणि तिथे जिओबॅसिलस व अनॉक्सीबॅसिलस या उष्णतेवर पोसणाऱ्या जिवाणूंच्या वसाहती बसतात. ते बीजाणू तयार करतात आणि बीजाणू थेट भुकटीत उतरतात. त्यांना शोधायला थाळी ५५ अंशांवर उबवावी लागते. न्यूझीलंडसारख्या भुकटी निर्यात करणाऱ्या देशात यावर बरेच संशोधन झाले आहे, कारण परदेशी खरेदीदार भुकटीतले असे बीजाणू मोजून घेतात.

आता धुलाईकडे येऊ. डेअरीत सगळे तिला सीआयपी म्हणतात. यंत्र न उघडता, जागेवरच, त्याच नळ्यांमधून पाणी आणि रसायने फिरवायची. पाश्चरायझरसाठी सर्वसाधारण क्रम असा असतो. आधी कोमट पाण्याने दूध धुऊन काढायचे. हे पाणी फार गरम नसावे, नाहीतर उरलेले प्रथिन तिथेच शिजून घट्ट बसते. मग एक ते दीड टक्का कॉस्टिक सोडा ७५ ते ८० अंशांवर वीस-तीस मिनिटे. त्यानंतर पाणी. मग एक टक्क्याच्या आत-बाहेर नायट्रिक आम्ल ६० ते ६५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे. पुन्हा पाणी, आणि दुसऱ्या दिवशी दूध सोडण्याआधी गरम पाण्याने किंवा पेरॅसेटिक आम्लासारख्या द्रावणाने निर्जंतुकीकरण. कॉस्टिक प्रथिन आणि स्निग्धांश फुगवून सोडवतो. आम्ल खनिजांचा थर, म्हणजे मिल्कस्टोन, विरघळवते. कॉस्टिकला मिल्कस्टोन निघत नाही आणि आम्लाला शिजलेले प्रथिन निघत नाही, म्हणून एकाच्या जागी दुसरे वापरून भागत नाही.

निर्जंतुकीकरण शेवटी येते यालाही कारण आहे. क्लोरीन किंवा पेरॅसेटिक आम्ल घाणीशी आधी भिडते आणि तिथेच खर्च होते. वरच्या थरातले जिवाणू मरतात, लगद्याखालचे जगतात आणि काही तासांत वसाहत पुन्हा उभी राहते. वरून मारलेल्या जिवाणूंचे अवशेष खालच्यांना अन्न म्हणून मिळतात. क्लोरीनचा आणखी एक तोटा आहे. तीव्रता किंवा वेळ जास्त झाली तर ते स्टीलला बारीक खड्डे पाडते, आणि त्या खड्ड्यात पुढच्या वसाहतीला आयती जागा मिळते. आणि हेही ठासून सांगायला हवे: क्लोरीनयुक्त द्रावण आणि आम्ल चुकूनही एकत्र येता कामा नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दोन्हींचे डबे शेजारी ठेवणाऱ्या प्लांटने आजच त्यांच्या जागा बदलाव्यात.

नेहमीचा क्रम पाळूनही बायोफिल्म जातेच असे नाही. न्यूझीलंडमध्ये ब्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डेअरीतल्या बायोफिल्म लावलेल्या स्टीलवर एक टक्का कॉस्टिक ६५ अंशांवर दहा मिनिटे आणि मग एक टक्का नायट्रिक आम्ल तितक्याच तापमानाला, तितकाच वेळ फिरवले. काही वेळा पृष्ठभाग स्वच्छ झाला, काही वेळा झाला नाही. ही पाककृती दर वेळी खात्रीने चालते असे त्यांना म्हणता आले नाही. म्हणून धुलाई झाली की नाही, याचे उत्तर पॅनेलवरच्या हिरव्या दिव्यातून मिळत नाही.

अशा वेळी डेअरीतला सहज सुचणारा उपाय म्हणजे रसायन तेज करणे. एक टक्क्याने भागत नाही, मग तीन टक्के करा. हा उपाय उलटू शकतो. ब्रिटनमध्ये बर्ड आणि फ्रायर यांनी १९९१ मध्ये मठ्ठ्यातल्या प्रथिनांचा थर कॉस्टिकने काढण्याचे प्रयोग केले. सर्वांत लवकर थर निघाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्याहून तेज द्रावणात उलट हळू. फार तेज कॉस्टिकमध्ये थराचा बाहेरचा भाग आवळून काचेसारखा घट्ट होतो आणि आतपर्यंत द्रावण पोहोचत नाही. प्रत्येक प्लांटला अर्धा टक्काच पुरेल असे यावरून ठरत नाही, कारण दुधाचा थर, पाण्याचा खारटपणा आणि तापमान वेगवेगळे असतात. पण टक्केवारी वाढवली की स्वच्छता वाढते, हे गृहीतक मात्र यातून साफ मोडते.

धुलाईचे चार हात मानतात: रसायन, तापमान, वेळ आणि प्रवाहाचा जोर. जर्मनीत हेन्केल कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये ही मांडणी केली, तीही कपडे धुण्यासाठी. चारपैकी एक कमी पडला की बाकीच्यांनी ते भरून काढायचे. बायोफिल्मच्या बाबतीत कमी पडतो तो बहुधा प्रवाहाचा जोर, आणि तो कमी पडल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तापमान आणि वेळ छापून निघतात, नळीतला वेग सहसा निघत नाही.

इथे आपल्या नमुन्याच्या प्लांटचा दुसरा घोळ उघडा पडतो. पाश्चरायझर ते साठवण टाकी ही नळी पूर्वी दोन इंची होती. दूध वाढले म्हणून ती तीन इंची केली, सीआयपीचा पंप मात्र जुनाच, ताशी १२,००० लिटरचा. नळीत द्रावण किमान सेकंदाला दीड मीटर वेगाने जावे, हा जगभर मानलेला ठोकताळा आहे. दोन इंची नळीचा आतला व्यास सुमारे ४८ मिलिमीटर. तिच्यात हा पंप सेकंदाला १.८ मीटरचा वेग देत होता. तीन इंचीचा आतला व्यास ७३ मिलिमीटर. त्यात तोच पंप जेमतेम ०.८ मीटर देतो. दीड मीटर हवे असतील तर ताशी साडेबावीस हजार लिटर पाहिजेत. नळी मोठी केल्याने दूध सुटसुटीत वाहू लागले आणि धुलाईचा जोर निम्म्याहून खाली आला. छापील नोंदीत सारे जसेच्या तसे: ७८ अंश, वीस मिनिटे, हिरवा दिवा.

नोंदींतल्या आणखी दोन फसव्या जागा अशाच आहेत. तापमान मोजायचे ते द्रावण परत येते त्या नळीवर. जाणाऱ्या नळीवर ८० अंश असले तरी लांबच्या थंड वाटेवरून फिरून येताना ते ६२ झालेले असू शकते, आणि घड्याळ सुरू करायचे ते परतीच्या नळीवर तापमान आल्यानंतरच. दुसरी जागा द्रावणाच्या ताकदीची. ती विद्युतवाहकतेच्या प्रोबवरून मोजतात. पण तेच कॉस्टिक टाकीत साठवून रोज वापरले की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि दुधाची स्निग्धता घेऊन हळूहळू कार्बोनेट आणि साबणात बदलते. प्रोबला तो फरक नीट दिसत नाही. त्यामुळे दररोज निदान एकदा द्रावणाचे टायट्रेशन करून खरी ताकद पाहावी लागते. ज्यांची लॅब रोज शेकडो दूध नमुन्यांचे फॅट काढते, त्यांना एक टायट्रेशन जड नाही.

वेग बरोबर असला तरी काही कोपऱ्यांत तो पोहोचतच नाही. मुख्य नळीला काढून ठेवलेली, आता न वापरली जाणारी आखूड फांदी, बंद व्हॉल्व्हमागची जागा, प्रेशर गेजची नळी, सॅम्पल कॉक. फांदीची लांबी नळीच्या व्यासाच्या दीडपटीपेक्षा जास्त झाली की आत द्रावण फिरत नाही, नुसते भरून राहते. रबरी गॅस्केट वर्षानुवर्षे गरम कॉस्टिकमध्ये राहून कडक होतात, कडेला चिरा पडतात आणि चिरेत दूध शिरते. टाकीत वरचा स्प्रे बॉल चारी बाजूंनी फवारा मारतो, पण ढवळणीच्या पात्याखाली आणि मॅनहोलच्या गळ्याशी त्याची सावली पडते. ही ठिकाणे प्रत्येक प्लांटची वेगळी असतात आणि ती माहीत असतात ती बहुधा रात्रपाळीच्या फिटरला. त्याला विचारून नकाशावर लाल खुणा करून घेणे, ही लॅबने आधी करायची गोष्ट.

कोपरा किती काळ जिवाणूंना सांभाळू शकतो, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. १९८५च्या वसंतात इलिनॉय आणि शेजारच्या राज्यांत पाश्चराइज्ड दुधातून साल्मोनेला पसरला. प्रयोगशाळेत खात्री झालेले रुग्णच सोळा हजारांच्या वर होते. दूध शिकागोजवळच्या मेलरोज पार्क इथल्या हिलफार्म डेअरीचे होते. तपासात पाश्चरायझेशनचे तापमान दोषी ठरले नाही. संशय गेला तो तापवल्यानंतरच्या वाटेवर, टाक्या जोडणाऱ्या नळ्यांवर. तपास करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सापडली. १९८४च्या ऑगस्टमध्ये झालेल्या एका लहान साथीतला जिवाणू याच वंशाचा होता. म्हणजे हा जिवाणू महिनोन्‌महिने त्या प्लांटमध्येच मुक्काम करून होता आणि अधूनमधून दुधात उतरत होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. या काळात प्लांटची धुलाई रोजच्या रोज चालू होती.

मग खात्री कशी करायची? पहिली पायरी एटीपी स्वॅबची. उघडता येणाऱ्या जागेवर काडी फिरवायची, ती काजव्याच्या प्रकाशामागे असलेल्या ल्युसिफरेज विकराच्या नळीत बुडवायची आणि यंत्र काही सेकंदांत प्रकाश मोजते. जिवंत पेशी आणि दुधाचे अवशेष दोन्हींत एटीपी असते, म्हणून वाचन जास्त आले की पृष्ठभाग अस्वच्छ, एवढे कळते. कोणता जिवाणू, हे कळत नाही. आणि जिथे काडी पोहोचते ती जागा तशीही सहज धुतली जाणारी असते, ही त्या पद्धतीची मोठी मर्यादा. धुलाईनंतरचे शेवटचे पाणी नमुना म्हणून घेणे चांगले, पण घट्ट बसलेली बायोफिल्म त्या पाण्यात उतरेलच असे नाही.

म्हणून शेवटी पाश्चरायझर उघडावा लागतो. आपल्या प्लांटने तो उघडला. गरम पाण्याच्या भागातल्या प्लेटांवर सँडपेपरसारखा पिवळट थर होता, म्हणजे मिल्कस्टोन राहत होता आणि आम्लाचा वेळ कमी पडत होता. रीजनरेशनच्या कोमट पट्ट्यातल्या प्लेटा डोळ्यांना जवळपास स्वच्छ दिसल्या. बोट फिरवल्यावर मात्र गॅस्केटच्या खाचेजवळ बुळबुळ लागली. तिथल्या स्वॅबची थाळी ४५ अंशांवर ठेवली तेव्हा ती पांढऱ्या टिंबांनी भरून गेली. काही प्लेटांच्या गॅस्केटची कड नखाने सहज तुटत होती. त्या बदलल्या, आम्लाचा वेळ वाढवला, साठवण टाकीच्या वाटेसाठी मोठा पंप बसवला आणि न वापरातल्या दोन फांद्या कापून टाकल्या.

यानंतर पहाटेचे आकडे खाली आले. पण दुपारची चढण पूर्ण गेली नाही, फक्त पुढे सरकली. आधी एकला ओलांडली जाणारी मर्यादा आता तीनच्या पुढे गेली. यात काही चुकले नाही. उत्तम धुतलेल्या प्लेटांवरही कच्च्या दुधातून येणारे, ७२ अंश सोसणारे थोडे जिवाणू पहाटेपासून बसतच असतात. रोजची धुलाई घड्याळ शून्यावर आणते, ते थांबवत नाही. ऑस्ट्रेलियात नाइट, निकोल आणि मॅकमीकिन यांनी २००४ मध्ये यावर एक वेगळी युक्ती तपासली. छोट्या प्रायोगिक पाश्चरायझरमध्ये कोमट पट्ट्याचे तापमान ठरावीक अंतराने थोडा वेळ ५५ अंशांपर्यंत चढवून पुन्हा उतरवायचे, म्हणजे थर्मोफिलसला सलग वाढायची उसंत मिळत नाही. यंत्र जास्त तास चालवता आले. साध्या प्लांटमध्ये मात्र त्यासाठी यंत्राची रचनाच बदलावी लागते, म्हणून बहुतेकांपुढे जुनाच पर्याय उरतो: पाळीच्या मध्ये थांबून एक मधली धुलाई.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो पुष्टकाळात. हिवाळ्यात दूध वाढते, टँकर यार्डात रांग लावून उभे असतात आणि पाश्चरायझर दहाच्या जागी पंधरा तास सलग चालवण्याचा दबाव शिफ्ट इनचार्जवर येतो. ताशी १०,००० लिटरच्या यंत्राची तासाभराची मधली धुलाई म्हणजे १०,००० लिटर दूध तासभर मागे पडणे, आणि मागे पडलेले कच्चे दूध सायलोत थांबले की तिथे थंडीत वाढणारे स्यूडोमोनास जोर धरतात. त्यांची विकरे पाश्चरायझेशननंतरही टिकतात आणि दुधाला कडवटपणा आणतात. तेव्हा धुलाई टाळली तर प्लेटांवर वाढ, धुलाई केली तर सायलोत. यातून निर्णय काढायला प्लांटला स्वतःच्या यंत्राची चढण माहीत हवी: आपल्याकडे आकडा कोणत्या तासाला वळतो? ते चिलरनंतर दर दोन तासांनी घेतलेले आणि ४५ अंशांवर उबवलेले नमुनेच सांगू शकतात. तो तास अकरावा निघाला, तर पंधरा तासांच्या दिवसात धुलाई सातव्या किंवा आठव्या तासाला बसवायची, आणि टँकरचे वेळापत्रक संकलन केंद्रांना आदल्या दिवशीच कळवायचे.